श्वास मोजणारी डबी

चाळीस मुलांचा वर्ग आहे. दार बंद, खिडक्या बंद, एसी चालू. भिंतीवर साबणाच्या डबीएवढं एक यंत्र लटकलंय. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत, हजेरीपटही नाही. तरी अर्धा वर्ग कबड्डीच्या सरावाला गेला की पाच-दहा मिनिटांत त्याला ते कळतं, आणि छतावरचा ताजी हवा आणणारा पंखा हळू होतो. कसं बरं कळत असेल?

ही डबी डोकी मोजत नाही, श्वास मोजते. आपण बाहेर सोडतो त्या हवेच्या दहा लाख भागांत सुमारे ४०,००० भाग कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत तो दहा लाखांत ४२० च्या आसपास. दहा लाखांत किती भाग, याला पीपीएम म्हणतात. डबीच्या आत एक बारीक दिवा असतो. तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो. त्यातली सुमारे ४.३ मायक्रोमीटर लांबीची लहर कार्बन डायऑक्साइड हावरटासारखा गिळतो. पलीकडच्या टोकाला प्रकाश जितका कमी पोचेल, तितका हा वायू जास्त. झालं मोजमाप!

(१८५८ साली जर्मनीतल्या म्युनिकमध्ये शास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर हे मोजमाप बेरियमच्या द्रावणानं करत. खोलीतली हवा कोंदट झाली का, हे ओळखायला हाच वायू मोजावा, आणि तो १००० पीपीएमच्या आत असावा, असं त्यांनी सांगितलं. एवढ्याशा प्रमाणात हा वायू स्वतः विषारी नसतो, हेही त्यांना ठाऊक होतं. तो वाढला म्हणजे माणसांच्या अंगातून निघणारं बाकी सगळंही खोलीत साठतंय, एवढीच ती खूण.)

आता गणित करू. घाबरू नका, गुणाकार-भागाकारापुढे जाणार नाही.

आपला वर्ग ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच. म्हणजे १४४ घनमीटर, किंवा १,४४,००० लिटर हवा. बाकावर शांत बसलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा सेकंदाला ०.००४ लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. फारच कमी वाटतं ना? पण सव्वाचार मिनिटांत त्याचा एक लिटर होतो. चाळीस मुलांचे ०.१६ आणि बाईंचे ०.००५ मिळून सेकंदाला ०.१६५ लिटर, म्हणजे मिनिटाला जवळजवळ १० लिटर. हे दहा लिटर १,४४,००० लिटरमध्ये मिसळले की दर मिनिटाला ६९ पीपीएमची भर पडते. ताज्या हवेचा पंखा बंद असला, तर पस्तीस मिनिटांचा तास संपेपर्यंत ४२० वरून आपण २८०० च्या वर पोचलेलो असतो.

मग एसी काय करत होता? भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवून गार करतो. बाहेरची हवा तो आत आणतच नाही. बाहेरचं यंत्र दिसतं म्हणून मोठ्या माणसांचाही इथे घोटाळा होतो. भिंतीतून जाणाऱ्या नळ्यांमधून हवा जात नाही, गार करणारा द्रव जातो.

मग ताजी हवा किती आणायची? अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या अ‍ॅश्रे या संस्थेचं ६२.१ क्रमांकाचं मानक आहे. नऊ वर्षांपुढच्या मुलांच्या वर्गासाठी ते सांगतं : दर माणशी सेकंदाला ५ लिटर, आणि शिवाय जमिनीच्या दर चौरस मीटरला ०.६ लिटर. जमिनीला हवा कशाला? जमिनीला नाही, पण रंगाचा, फर्निचरचा, फरशी पुसायच्या औषधाचा वास वर्ग रिकामा असला तरी निघतच असतो. त्याच्यासाठी हा वेगळा वाटा.

आपल्या वर्गात ४१ माणसं. ४१ गुणिले ५ म्हणजे २०५. जमीन ४८ चौरस मीटर, तिचे सुमारे २९. एकूण सेकंदाला २३४ लिटर. एवढ्या वेगानं साधारण दहा मिनिटांत अख्ख्या वर्गाएवढी नवी हवा येते, आणि तेवढीच जुनी बाहेर जाते.

आमटीच्या पातेल्यात कुणीतरी सारखं चिमूट चिमूट मीठ टाकतंय, आपण एकीकडून पाणी ओततोय आणि दुसरीकडून आमटी सांडतेय, अशी कल्पना करा. खारटपणा वाढत वाढत एका जागी येऊन थांबेल. वर्गातही तसंच होतं. कुठे थांबेल ते काढता येतं : ०.१६५ ला २३४ नं भागा. ०.०००७०५ येतात, म्हणजे ७०५ पीपीएम. त्यात बाहेरचे ४२० मिळवा. उत्तर ११२५.

आता वाटेल, सोपं आहे! डबीला सांगायचं, ‘आकडा ११२५ च्या वर जाऊ देऊ नकोस,’ आणि झालं. पण इथेच गंमत आहे. समजा वर्गात बाई आणि पाचच मुलं उरली. ती सेकंदाला ०.०२५ लिटर सोडतात. त्यांना ११२५ वर रोखायला फक्त ३५ लिटर हवा पुरते, म्हणून डबी खुशाल तेवढ्यावर थांबेल. मानकाचा हिशोब मात्र सांगतो : सहा माणसांचे ३० आणि जमिनीचे २९, मिळून ५९ लिटर. मुलं गेली, पण रंगाचा वास थोडाच कबड्डीला गेला! डबीला तो दिसतच नाही. ५९ लिटर हवा दिली, तर आकडा ८४५ च्या आसपास थांबतो. म्हणजे माणसं कमी असली की थांबायचा आकडाही खाली असायला हवा.

म्हणून चांगला इंजिनिअर एकच आकडा देत नाही, चढती रेघ आखतो. ४२० ला पंखा २९ लिटरवर, ११२५ ला २३४ वर, आणि मधल्या आकड्यांना त्या-त्या प्रमाणात. या रेघेवर अर्ध्या वर्गाला सुमारे १७२ लिटर हवा मिळते. गरज १३४ ची असते. थोडी जास्तच, पण चूक करायचीच तर ती या बाजूला केलेली बरी. वीज तरीही वाचते, कारण बाहेरची उकाड्याची हवा गार करायलाच सगळ्यात जास्त खर्च येतो.

डबी कुठे लावली यालाही फार महत्त्व. खिडकीच्या फटीजवळ लावली तर तिला वाटेल सगळं छान आहे. एखाद्या मुलाच्या तोंडासमोर आली तर ती उगाच ओरडेल. बसलेल्या मुलांच्या नाकाच्या उंचीच्या आसपास, दार-खिडकीपासून लांब, ही तिची जागा.

आणि तिची एक खोड आहे. काळ जाईल तसा आतला दिवा मंदावतो, म्हणून पुष्कळ डब्या स्वतःलाच दुरुस्त करतात. काही दिवसांतला सगळ्यात कमी आकडा त्या पकडतात आणि ‘ही बाहेरची ताजी हवा, म्हणजे सुमारे ४००,’ असं धरून चालतात. रोज रात्री वर्ग रिकामा राहून हवा बदलत असेल, तर हे ठीक. पण सकाळी शाळा, संध्याकाळी क्लास, आणि रात्री सगळं घट्ट बंद असेल, तर आकडा ७०० च्या खाली उतरतच नाही. मग डबी त्या ७०० लाच ४०० म्हणायला लागते आणि तेव्हापासून प्रत्येक आकडा ३०० नं कमी सांगते. वर्गात सगळ्यांना जांभया येतात आणि डबी म्हणते, ‘८५०, मजेत आहे!’

तिला पकडायचं कसं? मोठ्या माणसाकडून ती भिंतीवरून काढून घ्या आणि मैदानावर न्या, रस्त्यापासून आणि गर्दीपासून लांब. हात लांब करून धरा, तिच्यावर श्वास सोडू नका, दहाएक मिनिटं थांबा. ४२० च्या जवळपास आकडा आला तर ती ठीक. १२० आला, तर पृथ्वीवरच्या कुठल्याच मैदानावर अशी हवा नसते हे तिला समजावण्यात अर्थ नाही. तिच्यावरचं जुळणीचं बटण तिथेच, त्या मोकळ्या हवेत दाबा.