तीन दिवसांचे सात दिवस

‘तीन कामाच्या दिवसांत घरपोच’ या आश्वासनातला पहिला दिवस कोणता, हे बहुधा ठळकपणे लिहिलेले नसते. अनेक विक्रेते तो ऑर्डर दिल्यापासून नव्हे, तर पार्सल कुरियरच्या ताब्यात गेल्यापासून धरतात. ते आज जाणार की उद्या, हे ठरते त्या दिवसाच्या कटऑफवर, म्हणजे ऑर्डर घेण्याच्या शेवटच्या वेळेवर.

ही वेळ उलट्या हिशेबाने निघते. परगावी जाणारा ट्रक रात्री हबमधून सुटतो. त्याआधी पार्सले गावांनुसार वेगळी करायची असतात आणि त्याही आधी ती गोदामा-गोदामांतून गोळा करायची असतात. कुरियरची गाडी पाचला येणार असेल, तर माल शोधून बांधायला आणि लेबल लावायला दोन तास धरून तीनचा कटऑफ ठेवला जातो.

एक उदाहरण पाहू. विक्रेता पुण्याचा, ग्राहक नागपूरचा. गोदाम सोमवार ते शुक्रवार चालते, कुरियर शनिवारीही काम करतो. १४ ऑगस्ट २०२५, गुरुवार. दुपारी २.५० ची ऑर्डर त्याच संध्याकाळी बाहेर पडली. शुक्रवारी स्वातंत्र्यदिन, त्यामुळे तो मोजायचा नाही. शनिवार, सोमवार, मंगळवार असे तीन दिवस भरले आणि १९ तारखेला पार्सल पोहोचले. ३.१० ची ऑर्डर मात्र दुसऱ्या कामाच्या दिवसावर गेली. शुक्रवारी सुट्टी, शनिवार-रविवार गोदाम बंद, म्हणून ती सोमवारी निघाली आणि गुरुवारी, २१ तारखेला पोहोचली. वीस मिनिटांच्या उशिराने दोन दिवस गेले आणि तरीही विक्रेत्याने शब्द मोडला असे म्हणता येत नाही!

खरी गुंतागुंत अशी की कॅलेंडर एक नसते. विक्रेत्याचे, कुरियरचे आणि घेणाऱ्याचे वेगवेगळे असते. गणेश चतुर्थीला महाराष्ट्रात सार्वजनिक सुट्टी असते, पण ती देशभर सगळीकडे नसते. त्यामुळे दुसऱ्या राज्यातला विक्रेता त्या दिवशी माल पाठवतो, आणि पुण्यात तो उतरवून वाटायला माणसे कमी असतात. पत्ता ऑफिसचा दिला असेल, तर शनिवारी आलेला डिलिव्हरीवाला बंद दार पाहून परत जातो आणि पार्सल सोमवारवर पडते.

विलंब कुठे झाला, हे ट्रॅकिंगवरून कळते. फक्त लेबल तयार झाल्याची नोंद असेल, तर पार्सल बहुधा अजून गोदामातच आहे. तेव्हा विचारायचे ते विक्रेत्याला. कुरियरच्या पिकअपचा पहिला स्कॅन झाला, की प्रश्न कुरियरचा.

जोडसुट्टीनंतरच्या सोमवारी तर गोदामात तीन-चार दिवसांच्या ऑर्डरी एकदम बांधायच्या असतात. कुरियरची गाडी भरली, तर वेळेत तयार झालेली पार्सलेही मंगळवारच्या फेरीसाठी मागे राहतात.