पीडीएफ बिघडते ती बहुतेकदा शेवटाकडून

ईमेलने आलेलं जुन्या घराचं खरेदीखत उघडायला जावं आणि पडद्यावर ‘फाईल खराब झाली आहे, दुरुस्त करता येत नाही’ असा निरोप यावा, हा अनुभव बऱ्याच जणांना असेल. निरोप वाचून वाटतं की आतलं सगळंच गेलं. खरं तर फाईल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरला एवढंच सांगायचं असतं की वाचायला सुरुवात कुठून करावी हे त्याला समजलेलं नाही. आतली पानं त्या वेळी जशीच्या तशी असू शकतात.

ॲडोबी कंपनीने 1993 मध्ये आणलेल्या या फाईलची घडण जरा उलटी आहे. ती वाचली जाते शेवटाकडून. पानं, चित्रं, अक्षरांचे टंक असे सगळे तुकडे आत क्रमांक देऊन ठेवलेले असतात आणि कोणता तुकडा फाईलच्या सुरुवातीपासून किती बाइटवर आहे याची यादी सहसा शेवटी असते. एखाद्या जाड ग्रंथाची सूची मागच्या पानांवर छापावी तसंच हे. फाईलच्या अगदी तळाशी ही यादी कुठे सुरू होते ते लिहिलेलं असतं:

```
startxref
18734
%%EOF
```

म्हणजे यादी 18,734 व्या बाइटवर आहे आणि फाईल इथे संपली. डाउनलोड मध्येच तुटलं किंवा कॉपी पूर्ण होण्याआधी पेन ड्राइव्ह ओढून काढला की पहिला बळी या शेवटच्या ओळींचा जातो. आधीची पानं शाबूत असली तरी यादीच नसल्याने सॉफ्टवेअर हात वर करतं.

दुरुस्तीला लागण्याआधी ही मुळात पीडीएफ आहे का, ते बघावं. फाईलची एक प्रत काढा आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. बहुतेक मजकूर अगम्य दिसेल, ते ठीकच आहे. पहिली ओळ मात्र `%PDF-1.4` किंवा तशाच आकड्याची हवी. तिथे `<!DOCTYPE html>` दिसलं तर तुमच्या हाती वेबपान आलंय. बँकेच्या किंवा सरकारी संकेतस्थळावर लॉगिनची मुदत संपलेली असताना डाउनलोडचं बटण दाबलं की असं होतं: ‘पुन्हा लॉगिन करा’ हे पानच पीडीएफचं नाव लावून उतरतं. सुरुवातीला `PK` दिसलं तर ती वर्डची किंवा झिप फाईल असू शकते, नाव बदलून बघा. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती रिकामी जागा असेल तर जागा राखली गेली पण मजकूर लिहिलाच गेला नाही. अशा फाईलवर वेळ घालवू नका, मूळ प्रत मागवा. एक सांभाळा: नोटपॅडमधून बाहेर पडताना ‘सेव्ह’ करू नका. तो अगम्य मजकूर साधा मजकूर म्हणून पुन्हा लिहिला गेला की उरलंसुरलंही जातं.

आता ते खरेदीखत घेऊ. समजा, 48 पानं स्कॅन केलेली आहेत. ईमेलमध्ये जोडलेल्या फाईलचा आकार 9.4 एमबी दिसतो आणि लॅपटॉपवर उतरलेली फाईल 6.1 एमबीची आहे. इथेच रोगाचं निदान झालं: फाईल मध्येच तुटली आहे. ईमेल अजून असेल तर पुन्हा डाउनलोड करा, बाकीच्या खटपटीची गरजच नाही. ईमेल पुसला गेला असेल तर पुढे.

आधी फाईल क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये ओढून टाका. यादी मिळाली नाही तर ब्राउझर पुष्कळदा सगळी फाईल चाळून तुकडे स्वतःच शोधतात. उघडली तर लगेच ‘प्रिंट’मध्ये जाऊन पीडीएफ म्हणून नवी प्रत काढून घ्या. नाहीच उघडली तर `qpdf` हे मोफत साधन उतरवून घ्या. त्याला खिडक्या-बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात. पण आज्ञा दोनच आहेत:

```
qpdf --check kharab.pdf
qpdf kharab.pdf navi.pdf
```

पहिली आज्ञा तपासते, दुसरी दुरुस्त प्रत लिहिते. तपासणीत `Attempting to reconstruct cross-reference table` अशी ओळ आली तर घाबरू नका. हरवलेली यादी ते नव्याने बांधायला घेतंय, एवढाच तिचा अर्थ. नुसती यादी बिघडली असेल, पण फाईल पूर्ण असेल, तर काम इथेच संपतं आणि एकही पान जात नाही.

आपल्या खरेदीखताचं मात्र इथे भागेलच असं नाही. पानांचा क्रम सांगणारा मुख्य तुकडाही अनेक स्कॅनर शेवटी लिहितात, आणि तो तुटलेल्या 3.3 एमबीमध्ये गेलेला असतो. यादी बांधली तरी पहिलं पान कोणतं हे सांगणारं कोणी उरत नाही आणि `qpdf` तक्रार करून थांबतं. पण स्कॅनमध्ये प्रत्येक पान म्हणजे बहुधा एक स्वतंत्र जेपेग छायाचित्र असतं. पानांचा हिशेब सोडून द्यायचा आणि नुसती चित्रं बाहेर काढायची. त्यासाठी `mutool` हे दुसरं मोफत साधन आहे:

```
mutool extract kharab.pdf
```

ज्या फोल्डरमध्ये आज्ञा दिली तिथे `image-0012.jpg` अशा नावांच्या फाइली जमा होतात. आकाराचं प्रमाण पाहता 48 पैकी साधारण 31 पानं हाती यावीत. तुटलं त्या जागचं एखादं पान अर्धं करडं दिसेल. नावांतले आकडे पानांचे नसून तुकड्यांचे असतात, म्हणून क्रम डोळ्यांनी तपासावा. मग विंडोजमध्ये सगळी चित्रं निवडून ‘Microsoft Print to PDF’वर छापली की नवी फाईल तयार. उरलेली पानं कोणत्याही साधनाने येणार नाहीत, कारण ती फाईलमध्ये उतरलेलीच नाहीत. ‘शंभर टक्के दुरुस्ती’ची जाहिरात करणारी सॉफ्टवेअरंही इथे काही करू शकत नाहीत.

टाइप केलेल्या मजकुराची पीडीएफ याहून अवघड. 2003 मधल्या 1.5 आवृत्तीपासून अनेक तुकडे एकत्र दाबून, गाठोडं करून ठेवायची सोय झाली. फाईल लहान झाली, पण गाठोड्याच्या मध्ये काही बाइट बिघडले की त्यापुढचं उलगडत नाही. पान उघडतं, पण कोरं दिसतं किंवा अर्ध्यावर थांबतं, ते बरेचदा पानाचा स्वतंत्रपणे दाबून ठेवलेला मजकूरही असाच बिघडल्यामुळे.

फाईल फुकट दुरुस्त करून देणारी संकेतस्थळंही पुष्कळ आहेत. तीही बहुधा हेच करतात, फक्त तुमची फाईल त्यांच्या संगणकावर जाते. लग्नपत्रिका असेल तर खुशाल द्या. खरेदीखत, आधार किंवा बँकेचं पासबुक देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डिजिटल सहीच्या फाइलींना मात्र यातला कोणताच उपाय लावू नका. सही फाईलमधल्या बाइटांवर केलेली असते आणि दुरुस्ती म्हणजे ते बाइट नव्याने लिहिणं. दुरुस्त केलेला सातबारा वाचता येईल, पण त्यावरची सही टिकणार नाही. तो पोर्टलवरून नव्यानेच उतरवून घ्या.