तीन महिने हप्ता थांबवला, तर नऊ हप्ते जास्त कसे भरावे लागतात?

27 मार्च 2020 रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जदारांना 1 मार्च ते 31 मे या काळातले हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. पुढे ती 31 ऑगस्टपर्यंत वाढली. अनेकांनी तिचा अर्थ 'तीन हप्ते माफ' असा घेतला. प्रत्यक्षात थांबला होता फक्त हप्ता, व्याज चालूच होतं.

व्याज वाढतं कसं?

समजा, भद्रावतीतल्या एका कुटुंबाच्या गृहकर्जाचे 10 लाख रुपये बाकी आहेत. व्याजदर 9 टक्के, उरलेली मुदत 15 वर्षं आणि हप्ता साधारण 10,143 रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज 7,500 रुपये होतं. एरवी ते हप्त्यातून वळतं होतं. हप्ताच नसेल, तर ते मुद्दलात मिसळतं आणि पुढच्या महिन्यात त्यावरही व्याज लागतं. तीन महिन्यांनी बाकी होते 10,22,669 रुपये.

हे वाढीव 22,669 रुपये लगेच भरले, तर कर्ज पुन्हा जुन्या वेळापत्रकावर येतं. पण हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, तर या रकमेवर आणखी 15 वर्षं व्याज चढतं. मग 180 ऐवजी जवळपास 189 हप्ते भरावे लागतात, म्हणजे सुमारे 90 हजार रुपये जास्त. मुदत तीच ठेवली, तर हप्ता 230 रुपयांनी वाढतो आणि जादा भार 41 हजारांच्या आसपास राहतो.

सगळ्यांनाच इतका फटका बसतो का?

नाही. याच कर्जाचे शेवटचे 12 हप्ते उरले असते, तर बाकी 1.16 लाखांच्या आसपास असती आणि जादा भार तीन हजारांच्या आत राहिला असता. कर्ज जितकं नवं, तितका फटका मोठा.

मग कोर्टाने व्याज परत करायला लावलं ना?

व्याज नव्हे, व्याजावरचं व्याज. ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्र सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी सहा महिन्यांच्या चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक परत देण्याची योजना आणली. 23 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रकमेची मर्यादा न ठेवता व्याजावर व्याज घेऊ नये असं सांगितलं, पण संपूर्ण व्याजमाफी नाकारली. वरच्या कर्जावर सहा महिन्यांचं सरळ व्याज 45,000 रुपये होतं आणि परत मिळणारा फरक साधारण 850 रुपये.

सवलत घेण्याआधी काय विचारावं?

बँक हप्ता वाढवणार की मुदत, हे लेखी विचारा आणि नवं वेळापत्रक मागा. त्यात 'शेवटचा हप्ता' कोणत्या महिन्यात पडतो, ते जुन्या वेळापत्रकाशी ताडून पाहा. वरच्या कर्जात तो तीन नव्हे, बारा महिने पुढे गेलेला दिसेल.