डिपर, टेल लॅम्प आणि पुढचा खांब

पहाटे ३.४५, जयसिंगपूर

पेपरचे गठ्ठे उतरले की आधी पुरवण्या घालायच्या, मग गावांप्रमाणे वाटण्या. माझी लाइन शिरोळ, नरसोबाची वाडी आणि कुरुंदवाड. अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. दोन्ही बाजूंना ऊस, शेवटाला कृष्णा-पंचगंगेचा संगम. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र असेल, वारा पडलेला असेल आणि रानाला आदल्या दिवशी पाणी दिलेलं असेल, तर या पट्ट्यात धुकं पडणार हे पेपर वाटणाऱ्याला वेधशाळेच्या आधी कळतं.

गाडीवर ओझं चढलं की हेडलाइट बिघडतो. बल्ब जात नाही, पण मागच्या कॅरिअरला गठ्ठे बांधले की मागचे शॉकअप दबतात, गाडीचं नाक वर होतं आणि डिपरचा झोतही वर जातो. एरवी त्याचा त्रास समोरून येणाऱ्याला होतो. धुक्यात मात्र तो उजेड सरळ थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. म्हणून डेपोसमोरच्या भिंतीवर मी खडूची रेघ ओढून ठेवली आहे. रिकाम्या गाडीचा झोत तिच्यावर पडतो. ओझं चढवल्यावर तो वर सरकला, तर हेडलाइटचा स्क्रू फिरवून खाली घ्यायचा.

दुसरं बघायचं ते मागे. गठ्ठ्यांवरचं प्लास्टिक आणि बाजूची झोळी यांनी टेल लॅम्प झाकला जातो. दहा पावलं मागे जाऊन, खाली वाकून पाहायचं. ट्रकवाल्याला लाल दिवा दिसायला हवा, प्लास्टिक नव्हे.

४.३०, शिरोळ रस्ता

निघताना धुकं विरळ असतं. लोकांना वाटतं ते मध्यरात्री सर्वांत दाट असेल. तसं नसतं. रात्रभर जमीन थंड होत जाते, तिच्या लगतची ओलसर हवा थंड होते आणि पहाटे धुकं साचू लागतं. ते सर्वांत दाट होतं सूर्योदयाच्या आसपास, बऱ्याचदा त्यानंतरही थोडा वेळ. म्हणजे मी परत फिरेन तेव्हा.

अप्पर मारायचा मोह प्रत्येकाला होतो. मारून बघावा एकदा, पांढरी भिंत उभी राहते. डिपर लावला की भिंत खाली बसते आणि रस्त्याचा तुकडा दिसतो. पिवळा दिवा धुकं चिरतो असं दुकानदार सांगतात, त्यात फारसं तथ्य नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात की पिवळा आणि पांढरा, दोन्ही सारखेच विखुरतात. फॉगलॅम्पचा फायदा त्याच्या जागेत आहे. तो खाली असतो, झोत आडवा पसरतो आणि वरून कापलेला असतो. तोच लॅम्प हँडलवर बांधला की पैसे वाया. हल्ली पोरं ते पांढरेफेक एलईडीचे चौकोन तिथेच बांधतात. स्वतःला दिसत नाही ते नाहीच, समोरच्यालाही आंधळं करतात.

५.१५, शिरोळच्या पुढे

किती दिसतंय हे नजरेला विचारू नये, खांबाला विचारावं. या टप्प्यात रस्त्याकडेच्या विजेच्या खांबांमधलं अंतर मी दिवसा पावलांनी मोजून ठेवलंय, साधारण ४० मीटर. एका खांबाशी असताना पुढचा दिसला तर दृश्यता चाळीसच्या वर. पुढचा अर्ध्या वाटेत उमटला तर वीस. हवामान खातं दृश्यता २०० मीटरच्या खाली गेली की दाट धुकं म्हणतं आणि ५० च्या खाली अतिदाट. आमच्या लेखी ५० म्हणजे चांगला दिवस.

त्यावरून वेग ठरतो. समोर काहीतरी दिसल्यापासून हाताने ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरा. पहाटेचा रस्ता दवाने ओला, वर उसाची पानं आणि ट्रॅक्टरच्या टायरला लागून आलेला काळा चिखल, त्यामुळे ब्रेक नेहमीसारखा दाबून चालत नाही. या हिशोबाने ताशी ३० ला गाडी थांबायला जवळजवळ २१ मीटर लागतात. ४० ला ३२. ६० ला साठ मीटर. २० ला मात्र बारा-तेराच. पंचवीस मीटर दिसत असेल तर ३० ही वरची हद्द. अरुंद रस्त्यावर समोरूनही कुणी तशाच अंदाजाने येत असेल, तर दिसणारं अंतर दोघांत वाटून घ्यावं लागतं. तिथे २० पेक्षा जास्त परवडत नाही.

आकडा काट्यावर बघावा लागतो, कारण कडेची झाडं, घरं, शेतं काहीच दिसत नसतं आणि वेग अंगाला जाणवत नाही. पण काटा बघायला मान खाली घालून एक सेकंद गेला, तर ३० ला आठ मीटर आंधळे गेले. म्हणून मी गिअर ठरवून घेतो. माझ्या गाडीचा दुसरा गिअर तिशीच्या आसपास कुरकुरायला लागतो. तो आवाज हाच माझा काटा.

५.४०, कारखान्याची वाट

हंगामात या रस्त्यावरची खरी भीती उसाच्या ट्रॉल्यांची. एका ट्रॅक्टरमागे दोन, वरून उसाचे शेंडे मागे लोंबणारे. टेल लॅम्प असला तर उसाने झाकलेला, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने. शिवाय रिफ्लेक्टरची एक मर्यादा आहे. आपल्या हेडलाइटचा उजेड धुक्यातून त्याच्यापर्यंत जायचा आणि तोच धुक्यातून परत यायचा, म्हणजे धुकं दोनदा आडवं येतं. पेटलेल्या दिव्याच्या आड ते एकदाच येतं. साधा लाल दिवा चकचकीत पट्टीपेक्षा लांबून दिसतो तो यामुळे.

आता समजा, एक ट्रॉली धुरा तुटून रस्त्यातच उभी आहे. मागे दिवा नाही, गड्यांनी चार दगड आणि उसाचा पाला टाकलाय. धुक्यात ती मला २५ मीटरवर दिसते. ३० ने येत असेन तर चार मीटर आधी थांबतो. ४० ने येत असेन तर? दीड सेकंदात सतरा मीटर गेलेच, ब्रेकला उरले आठ. त्या आठात वेग चाळीसचा सत्तावीसवर येतो आणि सत्तावीसने मी उसाच्या मोळ्यांत घुसतो. काट्यावर दहाचाच फरक, पण एक गाडी थांबते आणि दुसरी जेमतेम हळू होते.

चहाच्या गाड्यावर असाच एक चालक भेटला, बीडकडचा. म्हटलं, "मामा, मागं एक लाल बल्ब टांगा की."

"टांगला व्हता पाव्हणं. भरताना ऊस लागतुया, फुटतुया."

खोटं नव्हतं त्याचं. भरून झाल्यावर मागच्या मोळीला अडकवायचा बॅटरीवरचा दिवा मिळतो, तो दाखवला. किंमत विचारून घेतली त्याने.

गाणी लावलेला ट्रॅक्टर मात्र दिव्याआधी कानाला कळतो. गावाबाहेर हेल्मेटची काच बोटभर उघडी ठेवतो, त्याचं एक कारण हे. दुसरं म्हणजे आपलाच श्वास. तो आतून काचेवर बसतो आणि आपल्याला वाटतं धुकं वाढलं. नाकाखाली रुमाल असा बांधायचा की श्वास खाली जाईल. बाहेरचे थेंब डाव्या हातमोज्याच्या पाठीने पुसायचे. उजवा हात ॲक्सिलेटर आणि ब्रेकवरून निघत नाही.

६.१५, वाडी

पौर्णिमेला वाडीच्या वाटेवर अनवाणी चालणारी माणसं असतात. अंगावर काळी-तपकिरी शाल, रस्त्याच्या डाव्या कडेने, गाडीकडे पाठ करून. त्यामुळे पांढऱ्या कडपट्टीला चिकटून चालवता येत नाही. मधल्या रेषेवरही नाही, कारण समोरचाही तीच धरून येतो. मी डाव्या चाकोरीत राहतो, कडेपासून हातभर आत. कडपट्टी नजरेच्या कोपऱ्यात ठेवायची, तिच्यावर चाक नाही.

गठ्ठा टाकायला थांबताना गाडी डांबराखाली उतरवतोच. २०१७ च्या एप्रिलनंतरच्या गाड्यांचे दिवे इंजिन चालू असेपर्यंतच आपोआप जळतात. इंजिन बंद केलं की पुढचा दिवा जातो, मागचाही. डांबरावर उरतं ते काळं लोखंड.

६.५०, पंचगंगेचा पूल

पुलाच्या अलीकडे पुढे टेम्पो लागतो. त्याच्या मागच्या दिव्याच्या भरवशावर जायला बरं वाटतं, आणि लोक दिवा निसटू नये म्हणून जवळ जवळ सरकतात. त्याला दिसतंय तेवढंच त्याला माहीत, आणि तो कशावर आदळला तर तो ब्रेकही न मारता थांबेल. मी अंतर असं ठेवतो की त्याचा लाल दिवा दिसेल पण हौदा दिसणार नाही. दिवा एखाद्या खुणेपाशी गेला की आकडे मोजायचे, एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस. चोवीसच्या आत मी त्या खुणेपाशी पोचलो तर जवळ आहे. एरवी दोन सेकंद पुरतात, इथे चार.

मागच्याचाही विचार करावा लागतो. नुसता ॲक्सिलेटर सोडला तर गाडी हळू होते, पण ब्रेकलाइट लागत नाही. म्हणून वेग उतरवण्याआधी ब्रेकला दोनदा हलकं बोट लावतो. लाल दिवा लुकलुकतो, मागचा सावध होतो. दोन्ही इंडिकेटर सतत लावून चालू नये. मग वळणार कुठे हे कुणालाच कळत नाही.

७.३०, परतीची वाट

आता गाडी रिकामी, झोत खाली आलेला. पण धुकं दाट, आणि त्यात धूर. रात्री कुणीतरी पाचट पेटवलंय, पलीकडे गुऱ्हाळाचं चिपाड जळतंय. थंड हवा जमिनीशी, तिच्यावर किंचित उबदार थर, त्यामुळे धूर वर न जाता रस्त्यावर आडवा पसरतो. धुराचे कण थेंबांना धरायला जागा देतात आणि धुकं आणखी गच्च होतं.

धुकं हळूहळू वाढतं, वेग कमी करायला वेळ देतं. धूर एकदम येतो. शंभर मीटर स्वच्छ आणि पुढे करडा पडदा, आत काहीच नाही. पडद्यात शिरून मग हळू होणाऱ्याला मागचा पाहत नसतो. म्हणून हळू व्हायचं ते पडद्याबाहेर. कडेला जाळ दिसत असेल तर शिरायचंच नाही. रस्ता सोडून पूर्ण खाली उतरायचं, गाडीपासून लांब उभं राहायचं. वाऱ्याची एक झुळूक आली की पाच-दहा मिनिटांत रस्ता उघडतो. माझ्यामागून दोन पोरं न थांबता आत गेली. त्यांच्या टेल लॅम्पचा ठिपका चार मीटरही टिकला नाही. मी हॉर्न दिला, त्याचा उपयोग काय म्हणा.

दुपारी १२ ते ५

झोप, मग बिलांची वसुली, त्याच रस्त्याने. उन्हात कळतं की कुठल्या गतिरोधकाचा पांढरा रंग गेलाय, कुठे साइडपट्टी वीतभर खचलीय. काच भांड्याच्या साबणाचा थेंब आतून चोळून कोरडी पुसतो; एक-दोन दिवस वाफ धरत नाही.

संध्याकाळी ६

वारा पडलाय. आभाळ मोकळं, ओढ्याकाठच्या रानात पाणी सोडलेलं. ताशी ४५ ने ही लाइन वीस मिनिटांची. २५ ने छत्तीस. सोळा मिनिटांचा प्रश्न आहे. कुरुंदवाडच्या स्टॉलवाल्याला फोन केला.

"अण्णा, उद्या पेपर उशिरा. सातनंतर."

"गिऱ्हाईक बोंबलतंय रे."

"बोंबलू दे. जमलं तर शिरोळचे गठ्ठे दुसऱ्या गाडीवर टाकतो, म्हणजे माझं मागचं ओझं निम्मं होईल."

मग भिंतीपाशी गाडी लावून, निम्म्या ओझ्यावर झोत कुठे पडतो ते बघून घेतलं.