लहान शीतखोलीत द्राक्षाचा जुना माल आधी कसा निघेल?

निफाड, दिंडोरी भागात अनेक बागायतदारांकडे पॅकहाउसला लागून १० बाय १२ फुटांची शीतखोली असते. दार एकच असल्याने पहिल्या दिवशीच्या पेट्या आत भिंतीकडे जातात आणि नंतरच्या त्यांच्यापुढे लागतात. गाडी आली की हाताशी असलेला, म्हणजे ताजा माल भरला जातो आणि जुना मागेच राहतो.

काढणीनंतर द्राक्ष पिकत नाही, ते फक्त जुने होते. आधी देठ तपकिरी पडतो, मग मणी गळू लागतात. पेटीतील सल्फर डायऑक्साइडचे पॅड संपत आले, की करडी बुरशी शून्य अंशाच्या आसपासही हळूहळू पसरते. त्यामुळे मागे राहिलेली पेटी थंड असली तरी सुरक्षित नसते.

खोलीची आखणी

खोली आतून ३.६ मीटर लांब व ३ मीटर रुंद आहे आणि दार अरुंद भिंतीच्या मधोमध आहे, असे धरू. पेटी ५ किलोची, ५० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद व १२ सेंमी उंच आहे. मध्ये ८० सेंमीची वाट सोडावी. दोन्ही बाजूंना प्रत्येकी चार खण जमिनीवर रंगाने आखावेत. पेट्या लाकडी फळ्यांवर, बाजूच्या भिंतीपासून १० सेंमी आणि कूलिंग युनिटच्या भिंतीपासून ३० सेंमी अंतर सोडून रचाव्यात, म्हणजे थंड हवा सगळीकडे फिरते.

एका खणात दोन पेट्या रुंदीला, दोन खोलीला आणि बारा थर, अशा ४८ पेट्या बसतात. दारापासून डाव्या हाताने आत जाताना १ ते ४ आणि उजव्या हाताने परत दाराकडे येताना ५ ते ८ असे क्रमांक द्यावेत.

नियम तीनच आहेत. एका खणात एकाच तारखेचा, एकाच प्लॉटचा माल ठेवावा. नवा माल पुढच्या क्रमांकात लावावा व विक्री सर्वांत जुन्या खणातून करावी; आठनंतर पुन्हा एक. एक खण नेहमी रिकामा ठेवावा. प्रत्येक खण वाटेला लागून असल्याने जुन्या मालासाठी दुसरी थप्पी हलवावी लागत नाही.

एक उदाहरण

१० फेब्रुवारीला ९० पेट्या आल्या, त्या खण १ व २ मध्ये गेल्या. १२ तारखेच्या १३० पेट्या ३, ४ व ५ मध्ये आणि १४ तारखेच्या ८५ पेट्या ६ व ७ मध्ये लागल्या. आठवा रिकामा राहिला. १५ तारखेला १०० पेट्यांची मागणी आली. खण १ व २ पूर्ण रिकामे करून उरलेल्या १० पेट्या खण ३ मधून काढल्या. १६ तारखेच्या ८० पेट्या खण ८ व १ मध्ये लावल्या, खण २ रिकामा ठेवला.

खण ३ मध्ये १० पेट्यांची जागा झाली, तरी तिथे नवा माल घालू नये. क्रम बिघडतो तो इथेच. या पद्धतीत काही जागा वाया जाते हे खरे. १४ तारखेला वापरातील सात खणांत ३१ पेट्यांची जागा मोकळी होती. ती या शिस्तीची किंमत समजावी.

लेबल

लेबलवर काढणीची तारीख लिहावी, खोलीत ठेवल्याची नव्हे. सोबत वाण, प्लॉट क्रमांक आणि खण क्रमांक असावा. निर्यातीच्या मालाची नोंद ग्रेपनेटमध्ये प्लॉटनिहाय असते, त्यामुळे दोन प्लॉट मिसळले की मालाचा माग तुटतो.

खोलीत आर्द्रता ९० ते ९५ टक्के असते. थंड, दमट खोक्यावर स्टिकर चिकटत नाही, म्हणून पूर्वशीतकरणाआधी, खोके कोरडे असतानाच तो लावावा. पाण्याने न पसरणाऱ्या मार्करने लिहावे व स्टिकर वाटेकडे येणाऱ्या आखूड बाजूवर असावा. दाराबाहेर आठ चौकोनांचा फळा लावून प्रत्येक चौकोनात तारीख व शिल्लक पेट्या लिहाव्यात. माल शोधण्यासाठी दार उघडे राहत नाही.

क्रम कधी मोडावा?

पावसात सापडलेला, मणी तडकलेला किंवा काढणीनंतर उशिरा थंड झालेला माल तारखेने नवा असला तरी आधी विकावा. त्या खणावर लाल खूण करावी.

प्रत्येक खणात वाटेकडील वरची एक पेटी तपासणीसाठी ठरवावी. दर दोन दिवसांनी तीच उघडावी, कारण प्लास्टिकचे अस्तर उघडले की पॅडचा वायू निघून जातो. घड हलवल्यावर मणी गळत असतील, देठ तपकिरी दिसत असेल किंवा तळाशी ओला डाग असेल, तर तो खण त्याच दिवशी जवळच्या बाजारात काढावा. तपासणीची पेटीही स्थानिक विक्रीतच घालावी, दूरच्या गाडीत नको.