मृत्युपत्रातला एक ‘किंवा’

पुण्यातल्या एका विधवा, निपुत्रिक आत्याबाईंचं उदाहरण घेऊ. स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट त्यांनी 2011 साली भाच्याच्या नावे मृत्युपत्रात लिहिला. 2019 साली भाचा गेला. आत्या 2023 साली गेल्या. मृत्युपत्र मात्र तसंच राहिलं होतं. भाच्याची बायको आणि मुलगी म्हणतात, ‘फ्लॅट आता आमचा.’

तो त्यांचा होत नाही. मृत्युपत्र लागू होतं ते करणारा गेल्यावर, आणि तेव्हा भाचाच हयात नव्हता. जे त्याला मिळालंच नाही, ते त्याच्याकडून बायको-मुलीकडे कसं जाईल? भारतीय वारसा कायदा, 1925 च्या कलम 105 नुसार अशी देणगी रद्द होते आणि उरलेल्या मालमत्तेत जमा होते. ‘उरलेली सर्व मालमत्ता अमुक व्यक्तीला’ असं कलम मृत्युपत्रात असेल, तर फ्लॅट त्या व्यक्तीला मिळतो. इथे तसं कलम नव्हतं. मग हिंदू वारसा कायद्याचं कलम 15 लागतं आणि फ्लॅट जातो आत्याच्या दिवंगत नवऱ्याच्या वारसांकडे, म्हणजे दीर-पुतण्यांकडे.

भाच्याऐवजी पोटचा मुलगा असता, तर गोष्ट वेगळी होती. मुलगा आधी गेला, पण त्याचं मूल मागे असलं, तर कलम 109 नुसार देणगी टिकते. मुलगा आईनंतर लगेच वारला असं कायदा मानतो. मात्र हिस्सा थेट नातवाच्या हाती पडतो असं नाही. मुलाने सगळं बायकोच्या नावे लिहून ठेवलं असेल, तर तो सुनेकडे जातो. भाचा, पुतण्या, भाऊ, मैत्रीण यांना ही सवलत नाही.

यावर उपाय म्हणून पुष्कळ जण ‘भाच्याला व त्याच्या मुलांना’ असं लिहितात. कायद्यातल्या दृष्टांतानुसार भाचा आधी गेला, तर अशी देणगीही रद्द होते. ‘भाच्याला किंवा, तो हयात नसल्यास, त्याच्या मुलीला’ असं लिहिलं, तर मुलगी पर्यायी वारस ठरते. आत्याबाईंचं वाक्य असं हवं होतं:

‘माझ्या मृत्यूच्या वेळी माझा भाचा हयात नसल्यास, हा फ्लॅट त्याची पत्नी व मुलगी यांना समान हिश्श्याने मिळावा. त्यांपैकी एकच हयात असल्यास संपूर्ण फ्लॅट तिला मिळावा.’

या वाक्यात दोघींची पूर्ण नावं हवीत. एकाच अपघातात दोघे गेले आणि आधी कोण गेलं ते कळलं नाही, तरीही देणगी रद्द होते. म्हणून ‘माझ्यानंतर किमान 30 दिवस हयात असल्यास’ अशी अट काही वकील घालतात. शेवटी उरलेल्या मालमत्तेचं कलम लिहावं.

हे नियम हिंदूंच्या मृत्युपत्रांचे आहेत. मुस्लिमांचा आणि गोव्यातला वारसा कायदा निराळा आहे.

जुनं मृत्युपत्र फाडायची गरज नाही. दोन साक्षीदारांसमोर सही केलेली पुरवणी पुरते. मृत्युपत्रात नाव असलेलं कुणी गेलं, की तेरावं झाल्यावर कपाटातला तो कागद एकदा बाहेर काढून वाचा.