राजीनाम्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी

अकोले तालुक्यात अगस्ती सहकारी साखर कारखाना आहे. प्रवरेच्या काठच्या गावांतील अनेक घरे गळीत हंगामावर चालतात. हंगाम संपला, की हंगामी कामगार घरी बसतो. पुढच्या हंगामात बोलावणे आले नाही, की त्याच्या कानावर ग्रॅच्युइटी, फंड, नोटीस पगार, कपात हे शब्द पडू लागतात. कोणत्या शब्दात आपला किती पैसा आहे हे माहीत नसेल, तर हिशेब समोरचा माणूस करतो आणि आपण अंगठा उठवतो. राज्यातल्या कोणत्याही साखर कारखान्यात हे घडू शकते.

एक उदाहरण धरू. एका हंगामी कामगाराने १२ हंगाम काम केले. शेवटचा पगार, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून, १३,००० रुपये होता. ग्रॅच्युइटीसाठी महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणून एका दिवसाचे ५०० रुपये झाले. वर्षभर काम करणाऱ्याला दर वर्षाचे १५ दिवस मिळतात, त्या हिशेबाने १२ वर्षांचे ९०,००० झाले असते. हंगामी कामगाराला मात्र कायदा दर हंगामाचे ७ दिवसच देतो. म्हणून याच्या हाती ४२,००० येतात. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात हेच होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच आहे. नेहमीच्या कामगाराला ५ वर्षे पूर्ण करावी लागतात. मृत्यू किंवा अपंगत्व आले तर ही अट नाही.

आता खरी मेख पाहा. कारखाना जितके दिवस चालला, त्याच्या ७५ टक्के दिवस कामगार हजर असेल तरच तो हंगाम धरला जातो. गाळप १२० दिवस चालले असेल, तर ९० हजेऱ्या लागतात. हजेरी कार्ड फेकून देणारा कामगार आपल्याच ग्रॅच्युइटीचा पुरावा फेकत असतो. दुसरी गोष्ट अशी, की गाळप बंद असतानाही देखभाल-दुरुस्तीसाठी तुम्हाला वर्षभर कामावर ठेवले असेल, तर कागदावर हंगामी लिहिले म्हणून ७ दिवसांचा हिशेब मुकाट्याने मान्य करू नका. बंद महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या जपा. फंडाच्या पासबुकात त्या महिन्यांची भर दिसते एवढ्याने काम भागत नाही, कारण घरी बसलेल्याला मिळणाऱ्या रिटेन्शन भत्त्यावरही फंड कापला जातो. रक्कम पूर्ण पगाराची आहे की भत्त्याची, हे पाहावे लागते.

फंडाच्या बाबतीत चित्र उलटे आहे. मालकाच्या वाट्यातील एक भाग पेन्शन योजनेत जातो आणि पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. हंगामी कामगाराने वर्षात काही महिनेच काम केले असले, तरी पेन्शनसाठी ते पूर्ण वर्ष धरले जाते. आपल्या उदाहरणातील कामगाराची १२ वर्षे भरली. 'तुझी अर्धी अर्धी वर्षे, पेन्शन बसत नाही' असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. दहाव्या हंगामाच्या अलीकडे पेन्शनचा पैसा काढून घेणारा मात्र हा हक्क स्वतःच मोडतो.

उरले कपात आणि नोटीस पगार. वर्षभर सलग नोकरी झालेल्याला कामावरून कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार द्यावा लागतो, शिवाय दर वर्षाचे १५ दिवसांचे सरासरी वेतन. ग्रॅच्युइटी याहून वेगळी. पण हंगाम संपून काम थांबले, तर ती कपात ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने साताऱ्याच्या कृष्णा सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात १९९७ साली सांगितले. मात्र त्याआधी, १९९५ साली पंजाबातील मोरिंडा कारखान्याच्या खटल्यात, हंगामी कामगारांची नोंदवही ठेवून नव्या हंगामात ज्येष्ठतेप्रमाणे बोलवावे, असेही याच न्यायालयाने बजावले होते. तेव्हा आपल्यामागून लागलेल्याला बोलावणे आले आणि आपल्याला नाही, तर तक्रारीचे कारण तिथे आहे. (ऊसतोड मजूर मुकादमाच्या उचलीवर येतो, म्हणून यातला एकही शब्द त्याच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

कायम कामगाराचे नुकसान बहुधा एका कागदाने होते. 'स्वखुशीने राजीनामा देत आहे' असे लिहून दिले, की कपातीची भरपाई आणि नोटीस पगार दोन्ही गेले. कारण राजीनामा ही कपात नव्हे. ग्रॅच्युइटी आणि फंड राजीनाम्यानेही जात नाहीत, एवढे लक्षात ठेवा. ग्रॅच्युइटीसाठी लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी. ती देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर व्याज लागते आणि तरीही दिली नाही तर कामगार खात्याच्या अधिकाऱ्याकडे ती पोच आणि हजेरी कार्डे घेऊन जाता येते.